वर्गशिक्षकहो, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, पण याच आठवड्यात लिहा

स्वारगेट परिसरातील शाळांच्या वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना कळकळीचं आवाहन

सराव चाचण्या संपत आल्या आहेत आणि फेब्रुवारीत दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू होते. या दिवसांत परीक्षेच्या धास्तीने खचलेली मुलं समुपदेशकाकडे पाठवली जातात. सोबतच्या चिठ्ठीत मात्र बरेचदा एवढंच असतं : ‘मुलगी घाबरट आहे. घरी काहीतरी बिनसलं असावं. डिप्रेशन वाटतं.’ यातलं एकही वाक्य शिक्षकाने पाहिलेलं नाही, तिन्ही अंदाज आहेत. समुपदेशकाची पहिली भेट मग हे अंदाज तपासण्यातच जाते आणि हाताशी असतात मोजके आठवडे.

चिठ्ठी कशी हवी, त्याचा नमुना देतो. प्रसंग कल्पित आहे, तपशील मात्र कोणत्याही वर्गात दिसतील असेच आहेत.

‘12 जानेवारी, गणिताची चाचणी : प्रश्नपत्रिका मिळाल्यावर सुमारे दहा मिनिटं पेन उचललं नाही. हात थरथरत होते. 16 जानेवारी, विज्ञान : पोटात दुखतं म्हणून अर्ध्या तासात पेपर दिला. सोडवलेले प्रश्न बरोबर होते. 19 जानेवारी, गणित : गैरहजर. 20 जानेवारी, चाचणी नव्हती : भूगोलाच्या तासाला उत्तरं दिली, मैत्रिणींबरोबर डबा खाल्ला. विचारल्यावर म्हणाली, “बाई, घरी सगळं येतं, पेपर समोर आला की काहीच आठवत नाही.” दिवाळीपर्यंत चाचण्यांना पूर्ण वेळ बसत असे. दाराजवळच्या बाकावर बसवून पाहिलं, फरक दिसला नाही. 22 जानेवारीला आईशी बोलले, भेटीला त्यांची संमती आहे.’

या चिठ्ठीत निदानाचा एकही शब्द नाही, तरी समुपदेशकाला त्यातून पुष्कळ कळतं. सोडवलेले प्रश्न बरोबर आहेत, म्हणजे अभ्यास झालाच नाही असं म्हणता येत नाही. भूगोलाचा तास आणि डबा नेहमीसारखा आहे, म्हणजे त्रास शाळेपेक्षा चाचणीशी जोडलेला दिसतो. दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं, म्हणून त्यानंतर काय बदललं हे आधी विचारायला हवं. पोटदुखीची नोंद असल्याने डॉक्टरांना दाखवण्याचा सल्लाही वेळेवर देता येतो. दुखणं खरोखर पोटाचंही असू शकतं.

म्हणूनच बरे गेलेले दिवसही लिहा. हीच मुलगी रोजच डबा परत नेत असती, चाचणी नसतानाही गप्प बसत असती, तर चौकशी दुसऱ्याच दिशेने करावी लागली असती. ‘नेहमी उशिरा येतो’ असं लिहिण्याआधी हजेरीपट उघडा. कात्रजहून पीएमपीने येणाऱ्या मुलाला रोजच उशीर होत असेल तर कारण बस असू शकतं. फक्त चाचणीच्या दिवशी होत असेल तर ती नोंद चिठ्ठीत यायलाच हवी. नव्याने पाळत ठेवायची गरज नाही. हजेरीपट, उत्तरपत्रिका आणि तुमची आठवण यांतून अर्ध्या पानाची चिठ्ठी होते.

चिठ्ठी पाठवतो आहोत हे मुलाला आधी सांगा आणि ती बंद पाकिटातून द्या. तिचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, वर्गात उल्लेखही करू नका.

एका बाबतीत मात्र चिठ्ठी लिहीत बसू नका. मूल जगण्याला कंटाळल्याचं बोललं, स्वतःला इजा करण्याचं बोललं किंवा तसं काही वहीत सापडलं, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच क्षणी मुख्याध्यापकांना आणि पालकांना बोलवा, मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. टेली-मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मुलाचे नेमके शब्द नंतर लिहून ठेवा.

मुख्याध्यापकांना विनंती अशी, की चिठ्ठी कुणाकडे द्यायची हे उद्याच शिक्षकांना लेखी कळवा. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात सांगितलं आहे, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था लावायला हवी. तुमच्या शाळेत ती लागलेली नसेल तर परीक्षेआधी लावा.

आणि वर्गशिक्षकहो, हे वाचताना ज्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, त्याची चिठ्ठी आधी लिहा. शुक्रवारच्या आत ती समुपदेशकाच्या हाती पडू द्या.

– परिसरातील एक शालेय समुपदेशक