यादीत असूनही न सापडणारे नाव

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकांची एखादी लाभार्थी यादी संगणकावर आहे, असे समजा. 'कुऱ्हाडे' हे आडनाव शोधले आणि सापडले नाही, तर कारकून काय समजेल? अर्जच आलेला नाही! वस्तुतः नाव यादीत असते. केवळ निराळ्या रीतीने टंकलेले असते.

या नावातील अर्धा र दोन रीतींनी उमटतो. एकीत 'ऱ' (U+0931) आणि हलन्त. दुसरीत साधा 'र' (U+0930), हलन्त आणि जोडणीचे अदृश्य चिन्ह (U+200D). डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला मात्र ते भिन्न शब्द. युनिकोडचे प्रमाणित एकरूपीकरणही त्यांना एक करीत नाही. अदृश्य चिन्ह सरसकट गाळावे, तर 'कुर्हाडे' असा रफार उमटून नावच बिघडते.

तेव्हा मूळ नोंद तशीच ठेवून, शोधताना तुलनेपुरते दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करावे, हेच श्रेयस्कर. आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी हे नाव एका रीतीने नोंदवून दुसरीने शोधावे; मग उलटही करावे. दोन्ही वेळा नोंद मिळाली, तरच ती स्वीकारावी. इंग्रजी नावांवर घेतलेल्या चाचणीत हा दोष कधीच दिसणार नाही. त्याची किंमत मात्र शेतकऱ्याला मोजावी लागेल.