विनामूल्य मार्गदर्शनाचे मोल

शिकवणी-वर्गांचे ई-मेल मुख्याध्यापकांकडे येतात : दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक तासाचे ‘करिअर मार्गदर्शन’, तेही विनामूल्य; शाळेने केवळ सभागृह द्यावे. खरा व्यवहार होतो तो अखेरच्या दहा मिनिटांत. मुलांकडून एक अर्ज भरून घेतला जातो. त्यात गुण असतात, पालकांचा मोबाइल क्रमांक असतो. मग घरी फोन सुरू होतात : ‘शिष्यवृत्ती परीक्षे’मुळे शुल्कात सवलत मिळेल, मुदत मात्र दोनच दिवस! शाळेने दिली ती गिऱ्हाइकांची यादी, आणि तिच्यासोबत पालकांचा शाळेवरील विश्वासही.

मार्गदर्शनात वाटा दोनच, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय. आयटीआयचा उल्लेख नसतो, कारण तेथे विकण्याजोगे काही नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांनुसार १६ वर्षांखालील मुलांना वर्गात प्रवेश देता येत नाही. पण त्या सूचनाच, अंमल राज्यांच्या मर्जीवर. आमच्या शिक्षक कार्यकर्त्यांनी आपल्या मुख्याध्यापकांकडून एवढेच उत्तर लिहवून घ्यावे : अवश्य यावे, परंतु अर्ज वाटता येणार नाहीत, आणि व्यासपीठावर जवळच्या सरकारी आयटीआयचे निदेशकही बसतील.