चॅनेलला आडनाव द्यावं का?

चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या एका गाडीचं नाव ती ग्राहकाच्या हाती पोहोचायच्या आतच बदलावं लागलं. महिंद्र कंपनीने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी विजेवर चालणाऱ्या दोन एसयूव्ही लोकांसमोर आणल्या. त्यातल्या एकीचं नाव होतं ‘बीई ६ई’. इंडिगोची मालक कंपनी इंटरग्लोब एव्हिएशन लगेच दिल्ली उच्च न्यायालयात गेली. इंडिगोच्या प्रत्येक विमानाच्या क्रमांकाआधी ‘६ई’ हा संकेत येतो आणि त्याचे ट्रेडमार्कही कंपनीकडे आहेत. ७ डिसेंबरला महिंद्रने जाहीर केलं की मूळ नावावरचा दावा सोडलेला नाही, तो न्यायालयात लढवू. पण गाडी ‘बीई ६’ याच नावाने विकली जाईल. अनावरणापासून नाव बदलेपर्यंत अकरा दिवस गेले.

महिंद्रचा अर्ज वर्ग १२ मध्ये, म्हणजे वाहनांच्या वर्गात होता आणि ट्रेडमार्क कार्यालयाने तो स्वीकारलाही होता. इंडिगोचे मार्क विमानसेवेच्या वर्ग ३९ मध्ये आणि इतर काही वर्गांत होते. गाडी आणि विमान यांत ग्राहकाचा गोंधळ कसा होईल, हा महिंद्रचा मुद्दा होता. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २९(४)चं उत्तर वेगळं आहे. एखाद्या मार्कचा भारतात लौकिक असेल आणि दुसरा कोणी योग्य कारणाशिवाय त्या लौकिकाचा फायदा उठवत असेल, तर माल वेगळा असला तरी हरकत घेता येते. महिंद्रने आपल्या निवेदनात एक जुनी आठवणही काढली. टाटा मोटर्सची ‘इंडिगो’ ही पिंपरीत बनणारी गाडी २००२ मध्ये आली होती आणि विमान कंपनीने तेच नाव घेतलं तेव्हा टाटांनी हरकत घेतली होती, असं त्यात म्हटलं होतं. नावांच्या दोन मोठ्या भांडणांतल्या दोन्ही गाड्या पिंपरी-चाकणच्या याच पट्ट्यातल्या.

या पट्ट्यात आता गाड्यांइतकीच चॅनेलंही निघतात. कोणी सीएनसी शिकवतो, कोणी मोटारसायकलचं इंजिन खोलून दाखवतो, कोणी एमआयडीसीतल्या नोकऱ्यांची माहिती देतो. पहिला व्हिडिओ घाईत टाकला जातो आणि नाव म्हणून स्वतःचं नाव-आडनाव किंवा सुचेल ते दिलं जातं. दोन-तीन वर्षांनी त्या नावावर क्लास, टी-शर्ट, अवजारं विकायची वेळ येते, आणि तेव्हा नाव बदलणं महाग पडतं.

समजा, भोसरीतल्या एका व्हीएमसी सेटरला मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवणारं चॅनेल काढायचं आहे. स्वतःच्या नावाचा फायदा उघड आहे. शिकवणारा माणूस ओळखीचा होतो, विश्वास बसतो आणि विषय बदलला तरी नाव अडत नाही. पुण्याच्या मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं ‘मधुराज रेसिपी’ हे यातलं चांगलं उदाहरण आहे. त्यात नाव आहे, पण त्याला कामाचा शब्दही जोडलेला आहे, आणि पुढे मसालेही त्याच नावाने विकता आले. उलट ‘भाडिपा’, म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी, या नावात कोणाही एका माणसाचं नाव नाही, म्हणून तिथे वेगवेगळे कलाकार समोर येऊ शकले. सेटरला उद्या दुसरा शिकवणारा ठेवायचा असेल किंवा चॅनेल कोणाला विकायचं असेल, तर स्वतःच्या नावाचं चॅनेल त्याला अडचणीत आणेल. नाव विकलं तर आपल्याच नावाने पुढे काय करता येईल, हे करारात लिहून घ्यावं लागतं.

‘माझंच नाव आहे, मला कोण अडवणार?’ ही समजूत मात्र धोक्याची आहे. कलम ३५ प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतं, हे खरं. पण ‘प्रामाणिकपणे’ या शब्दावर न्यायालयं किती काटेकोर आहेत, हे आकुर्डीला ज्यांच्या नावाची पाटी दिसते त्या बजाज नावाच्या एका खटल्यातून कळतं. स्टेनलेस स्टीलची भांडी विकणाऱ्या एका फर्मने ‘बजाज’ हे नाव वापरलं आणि ते आपल्या भागीदारांचं आडनाव असल्याचं सांगितलं. बजाज इलेक्ट्रिकल्सच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्या वापराला मनाई केली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ‘महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स’ला तिचं नाव वापरू दिलं नाही. महेंद्र हे गुजरातमध्ये घरोघरी आढळणारं नाव आहे आणि आपला माल कागदाचा आहे, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने पाहिलं ते एवढंच, की दीर्घ वापराने ‘महिंद्र’ या नावाला लोकांच्या मनात एक ठरावीक अर्थ आला आहे.

सेटरचं आडनाव पाटील किंवा शिंदे असेल तर अडचण दुसरीकडून येते. असं आडनाव एकट्याच्या मालकीचं करून घेणं कठीण असतं, कारण ते हजारोंचं असतं. त्याच आडनावाचा दुसरा प्रशिक्षक शेजारच्या गाळ्यात उभा राहिला, तर पहिल्याला त्याला हटवता येत नाही. पूर्ण नाव वापरलं की वेगळेपण वाढतं, आणि पूर्ण नावाची नोंदणी तुलनेने सोपी जाते.

ब्रँड नाव घ्यायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रयत्न ‘सीएनसी मराठी’ किंवा ‘चाकण सीएनसी’ असा असतो. शोधात सापडायला हे उत्तम, पण मालकीसाठी दुबळं. पहिल्यात विषय आणि भाषा आहे, दुसऱ्यात गाव आणि विषय. कलम ९ प्रमाणे माल, सेवा किंवा ठिकाण सांगणाऱ्या शब्दांची नोंदणी मिळणं अवघड असतं, आणि ते योग्यही आहे. चाकणचं नाव चाकणच्या सगळ्यांनाच लागतं. तसाच छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा मोह अनेकांना होतो, पण १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं कायद्याच्या अनुसूचीत ते नाव आहे. व्यापारासाठी ते सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. ‘पल्सर’ दुरुस्त करून दाखवणाऱ्याने व्हिडिओच्या शीर्षकात पल्सर लिहिणं वेगळं आणि चॅनेलचंच नाव पल्सरवर ठेवणं वेगळं. पहिल्यात गाडीची ओळख सांगितली जाते, दुसऱ्यात कंपनीच्या नावावर दुकान थाटलं जातं.

म्हणून सेटरने वेगळा शब्द निवडला, समजा ‘सेटर कट्टा’. आता शोध घ्यायचा. बौद्धिक संपदा कार्यालयाच्या ipindia.gov.in या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध मोफत आहे. त्यात शब्द टाकायचा, वर्गाचा आकडा टाकायचा. शिक्षण आणि मनोरंजन वर्ग ४१ मध्ये येतं, तो पहिला. डाउनलोड करायचा कोर्स किंवा अॅप काढायचं असेल तर वर्ग ९, मशीन दुरुस्ती करून द्यायची असेल तर ३७, स्वतःच्या नावाने मशीनची अवजारं विकायची असतील तर ७. ‘बीई ६ई’चं प्रकरण डोळ्यांसमोर असेल तर आपल्या वर्गाबाहेर कोणाचं मोठं नाव आहे का, हेही पाहिलं जाईल.

एकच स्पेलिंग टाकून थांबणं ही नेहमीची चूक. त्या नोंदी मुख्यतः रोमन लिपीत शोधल्या जातात, आणि मराठी शब्द प्रत्येकजण वेगळा लिहितो. SETTER KATTA, SETAR KATTA, SETTER KATA असे सगळे टाकून पाहायचे. शोधात ‘Contains’ निवडलं की मोठ्या नावात दडलेला शब्दही सापडतो, आणि ‘Phonetic’ निवडलं की सारखे ऐकू येणारे वर येतात. नोंदीपुढची स्थिती नीट वाचावी. ‘Objected’ म्हणजे कार्यालयाने हरकत घेतली आहे, ‘Opposed’ म्हणजे दुसऱ्या कोणी विरोध केला आहे. ‘Abandoned’ दिसलं की अनेकजण निर्धास्त होतात. अर्ज सोडला म्हणजे धंदा बंद झाला, असं नाही. नाव नोंदवलेलं नसतानाही आधीपासून वापरणारा न्यायालयात जाऊ शकतो, आणि कलम ३४ मुळे नोंदणीकृत मालकालाही त्याला सहजी रोखता येत नाही. म्हणून कंपनी नोंदणीचं संकेतस्थळ, यूट्यूब, इन्स्टाग्राम, प्ले स्टोअर आणि गूगल नकाशावर भोसरी, चिखली, चाकण एवढ्या भागातही तेच नाव शोधावं.

यूट्यूबवर नाव मिळालं याला कायद्यात फारसा अर्थ नाही. २०२२ पासून @ ने सुरू होणारं हँडल एकाच चॅनेलला मिळतं, पण चॅनेलचं नाव मात्र एकसारखं कितीही जणांना ठेवता येतं. हँडल मिळाल्याने मार्क मिळत नाही. दुसऱ्याने ट्रेडमार्कची तक्रार केली तर नाव बदलावं लागू शकतं. पडताळणीची खूण मिळालेली असेल तर चॅनेलचं नाव बदलताना तीही जाते.

अर्ज टीएम-ए या फॉर्मवर ऑनलाइन होतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात, इतरांना ९,०००. सेटरला ४१ आणि ३७ हवे असतील तर ९,००० रुपये. मार्क देवनागरीत असेल तर त्याचं रोमन लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागतो. आधीपासून वापरत असल्याचा दावा असेल तर शपथपत्र आणि पुरावे जोडायचे. पहिल्या व्हिडिओची तारीख, त्यावर दिसणारं नाव, पहिल्या क्लासची पावती इथे उपयोगी पडते. अजून वापर नसेल तर खोटी जुनी तारीख टाकू नये. पुढे विरोध झाला की तीच अंगाशी येते.

अर्जात मालक कोण, हा प्रश्न इथे सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. चॅनेल तिघा मित्रांनी काढलेलं असतं आणि अर्ज करतो तो, ज्याच्याकडे कार्ड आणि वेळ असतो. मग नाव त्याचंच होतं. भागीदारी असेल तर फर्मच्या किंवा तिघांच्या नावाने अर्ज करावा आणि गूगल खात्यात परवानगी कोणाला आहे, हेही त्याच वेळी लिहून ठेवावं.

तपासणी अहवाल आला की उत्तराला तीस दिवस मिळतात. कार्यालयाने मार्क स्वीकारला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो आणि तिथून चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतो. नोंदणी झाली की दहा वर्षं, आणि नंतर नूतनीकरण. ® ही खूण नोंदणीनंतरच लावायची. तोवर ™ चालतं. ज्याचा मार्क नोंदला गेला आहे त्यानेही जर्नल अधूनमधून चाळावं, कारण ‘सेटर कट्टा’सारखंच ऐकू येणारं दुसरं नाव तिथे छापून आलं, तर विरोध करायला त्याच्याकडेही तेवढेच चार महिने असतात.