पावसाळ्यात काठेवाडींनी जायचे कुठे?

कळंब तालुक्यात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की मेंढ्यांचे कळप वावरात उतरतात. कळपवाल्यांना आपल्याकडे काठेवाडी म्हणतात. ते मूळचे कच्छ-सौराष्ट्राकडचे रबारी, पण त्यांतली अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे विदर्भातच फिरत आहेत.

मेंढ्या पऱ्हाटीचा पाला आणि उरलेली हिरवी बोंडे खातात. रात्री कळप त्याच वावरात बसतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि कळपवाल्याला धान्य किंवा रोख. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळचा कापूस खाल्ला. ही अळी उरलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते, म्हणून वेचणीनंतर वावरात जनावरे चारा, असा सल्ला कापूसतज्ज्ञही देतात. म्हणजे उन्हाळाभर या माणसांची गरज गावालाच असते.

अडचण जूनपासून सुरू होते. सारी वावरे पेरलेली असतात. काळी माती भिजली की खुरांच्या बेचक्यात चिकटून राहते, कातडी सडते आणि मेंढ्या लंगडू लागतात. अशा वेळी त्यांना पाणी निथळणारा माळ किंवा उताराचे जंगल हवे. जंगलात नवी रोपे लावली की तो भाग चराईला काही वर्षे बंद होतो. मग उरते गायरान.

आणि इथेच हा प्रश्न आपल्या दारात येतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते पडीक जमिनीसाठीच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ चा. तेव्हा ‘गायरान मोकळे करा’ ही मागणी आम्ही डोळे झाकून उचलणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालानेही सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगताना भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पट्ट्यांना अपवाद ठेवला आहे. आता सौर प्रकल्पांसाठीही सरकार गायराने देते आहे. त्यामुळे दोन एकर कसणारा आणि शंभर मेंढ्या चारणारा यांनाच आमनेसामने उभे करणे आम्हाला लबाडीचे वाटते.

वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३ मध्ये भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण दावा ग्रामसभेपुढे करायचा असतो आणि काठेवाडी कोणत्याच गावच्या यादीत नसतो. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. सतत फिरणारा माणूस तो कुठून आणणार? पशुपालकांचे दावे सुटले नाहीत ना, हे पाहण्याची जबाबदारी नियमांनी जिल्हास्तरीय समितीवर टाकली आहे. कळंबच्या ग्रामसभांत बसणाऱ्या आपल्या लोकांनी हाच मुद्दा लेखी नोंदवावा, कारण कळपवाल्याला तिथे खुर्ची नाही. जून ते सप्टेंबर कोणता माळ किंवा वनखंड खुला राहील, हे पेरणीआधीच ठरायला हवे. कळप बांधावर आल्यावर ठरवायला गेले की फक्त भांडण होते.