‘दोन महिने सांभाळून घे’ आणि 969 रुपयांची पगारवाढ

आमच्या सातपूर-अंबड पट्ट्यात ‘दोन महिने सांभाळून घे’ हे वाक्य ऐकलं नाही असा कामगार सापडणं अवघड आहे. शेजारच्या टेबलावरचा माणूस सोडून जातो, त्याचं काम तुमच्याकडे येतं, दोन महिन्यांचे सहा होतात आणि त्या रिकाम्या खुर्चीवर फाइली साठायला लागतात. पगार मात्र तोच. बरेच जण मग साहेबांकडे जातात आणि महागाई, मुलांची फी, घराचा हप्ता असं सांगतात. माझं स्पष्ट मत आहे की तिथेच सगळं बिघडतं. मी बरीच वर्षं कारखान्यांचे पगारपत्रक करतोय. तुमची गरज किती, याचा रकाना त्या पत्रकात नसतो. जादा काम किमतीचं बोलायला हवं, आणि ती किंमत काढता येते.

ओळखीतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. कारखान्याचं नाव नको, त्याचंही नको. तो स्टोअरमध्ये असिस्टंट, चार वर्षं झाली, ग्रॉस पगार 20,400. जूनअखेर डिस्पॅचचा क्लार्क गेला आणि त्याचं सगळं काम याच्या गळ्यात आलं. गेटपास, ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन, ई-वे बिलं. ई-वे बिल म्हणजे नुसता कागद नाही बरं का. गाडी नंबर चुकला किंवा मुदत संपली आणि गाडी रस्त्यात अडवली गेली, तर माल सोडवायला दंड भरावा लागतो. गाडी बदलली की नवा नंबर टाकायचा, मग रात्री दहा वाजता फोन याच्याच मोबाइलवर. याला मी कामाचे तास वाढले असं म्हणत नाही, जोखीम वाढली असं म्हणतो. अर्जात पहिल्यांदा हीच यायला हवी.

नोव्हेंबरात तो साहेबांना भेटला. साहेब म्हणाले, “अरे, तुझं काम दिसतंय आम्हाला. एप्रिलला बघू, आठ टक्के नक्की.” पोरगा खूश होऊन माझ्याकडे पेढे नाही, पण पगाराची स्लिप घेऊन आला.

आम्ही हिशोब मांडला. गेलेल्या क्लार्कचा पगार 19,000 होता. त्यावर मालकाचा पीएफ आणि ईएसआयचा हिस्सा धरला तर कंपनीला तो महिन्याला साधारण 21,000 ला पडत होता, बोनस आणि ग्रॅच्युइटी सोडून. जुलै ते नोव्हेंबर पाच महिने. म्हणजे लाखाच्या वर रक्कम कंपनीची वाचली.

आता आठ टक्के बघा. 20,400 वर 1,632 रुपये. नवा पगार 22,032. आणि इथे खरी मेख आहे. ईएसआयची मर्यादा 2017 पासून महिना 21,000 आहे. पगार त्याच्यावर गेला की माणूस योजनेबाहेर. त्याच्या पगारातून 0.75 टक्के कापले जायचे, म्हणजे 153 रुपये, ते वाचतील हे खरं. पण कंपनी 3.25 टक्के भरत होती, म्हणजे 663 रुपये, तेही वाचणार. 1,632 मधून 663 वजा करा. कंपनीला ही ‘आठ टक्के वाढ’ पडणार 969 रुपयांना. एका अख्ख्या माणसाच्या कामाचे.

आणि मुलाचं काय? त्याच्या आईला डायबेटिस आहे, औषधं आणि तपासण्या ईएसआयमधून होतात. त्या हॉस्पिटलच्या रांगेला आपण सगळेच शिव्या देतो, मीही देतो. पण साठीच्या पुढच्या, आधीच आजार असलेल्या बाईचा खासगी विमा काढायला जा आणि हप्ता विचारून या. हातात वाढणार सतराशे-अठराशे, आणि कार्ड जाणार.

तारखेचाही खेळ आहे, तो फारसं कुणी सांगत नाही. ईएसआयचे अंशदानाचे कालावधी दोन असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालावधी सुरू झाल्यावर मध्येच पगार 21,000 च्या वर गेला, तर त्या कालावधीच्या शेवटापर्यंत कपात आणि संरक्षण दोन्ही चालू राहतं. पण वाढ 1 एप्रिललाच लागली, तर कपात त्याच दिवसापासून बंद. ऑक्टोबर-मार्चच्या अंशदानाचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो, त्यामुळे कार्ड लगेच निकामी होत नाही. पण तेवढ्या काळात दुसरी सोय करावी लागते. म्हणून मी त्याला म्हटलं, एप्रिलची वाट बघू नकोस, वाढ 1 डिसेंबरपासून माग. मर्यादा ओलांडायचीच असेल तर थोडक्यात नको, विम्याचा हप्ता भरता येईल इतकी ओलांड.

अर्ज आम्ही एका पानाचा केला. जुलैपासून केलेल्या डिस्पॅचची महिन्यावार संख्या, बनवलेली ई-वे बिलं, रद्द करावी लागलेली किती, ट्रान्सपोर्टची तक्रार एकही नाही. हे सगळं सिस्टिममधूनच काढलं, आठवणीवर काही लिहिलं नाही. खाली मागणी: 6,000 रुपये वाढ, त्यातला निम्मा हिस्सा बेसिकमध्ये, आणि नवीन कामाचं लेखी पत्र. बेसिकचा आग्रह एवढ्यासाठी की 2025 मध्ये नियम बदलेपर्यंत ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर मोजली जायची. सगळी वाढ ‘स्पेशल अलाउन्स’मध्ये टाकली की हातात तेवढीच दिसायची, नोकरी सोडताना फरक कळायचा.

साहेबांचं उत्तर नमुनेदार होतं. “तुला सुपरवायझर करतो, 3,000 देतो.” पोरगा पुन्हा खूश! मी विचारलं, ओव्हरटाइम किती होतो? म्हणाला महिनाअखेरीला पंधरा तास तरी. दुप्पट दराने ते तीन हजारांच्या आसपास जातात. आपल्याकडे अनेक कारखान्यांत सुपरवायझर झाला की ओव्हरटाइम बंद. मग हातात आलं काय, तर फक्त पद. कायद्याच्या नजरेत पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करतो हे महत्त्वाचं असतं. हाताखाली एक माणूस नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, तो सुपरवायझर कसला? पण ते सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार. त्यामुळे पद नको, ‘स्टोअर व डिस्पॅच असिस्टंट’ असं लिहून द्या, हे त्यानेच नम्रपणे सांगितलं.

साहेब वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वरही कुणीतरी बसलंय, आणि खुर्ची रिकामी ठेवून खर्च कमी दाखवला की त्यांचीही पाठ थोपटली जाते. पण म्हणूनच मागणी त्यांना वर पाठवता येईल अशा कागदावर हवी. “पोरगा चांगला आहे हो” एवढ्यावर हेड ऑफिस सही करत नाही.

शेवटी 3,500 मंजूर झाले, 1 डिसेंबरपासून, त्यातले 2,000 बेसिकमध्ये. मागच्या पाच महिन्यांचे काही नाही. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईला घ्यायचं अजून अडकलंय, एचआर म्हणतं पॉलिसीच्या रिन्यूअलला बघू. ते लेखी मागायला मी सांगितलंय.

ज्यांचा ग्रॉस 19,500 ते 21,000 च्या मध्ये आहे आणि एप्रिलला वाढ लागणार आहे, त्यांनी आजच स्लिप काढून बसा. हिशोबात अडलात तर कमेंटमध्ये आकडे टाका, नाव आणि कंपनी टाकू नका.