तीन चित्रांवर बाईचा न्याय करू नका

आपल्या समाजात आता भांडण मिटवायला माणसं बसली की पहिल्यांदा काय बाहेर येतं? फोन. फोनमधून स्क्रीनशॉट. कुणीतरी चष्मा पुसतं, फोन एका हातातून दुसऱ्या हातात जातो, "बघा की ओ, स्वतःच लिहिलंय तिनं" असं म्हटलं जातं आणि दहा मिनिटांत एका बाईचा निकाल लागतो. या पद्धतीला माझा सरळ विरोध आहे. ज्याला खरंच न्याय करायचाय त्यानं निवडून आणलेली चित्रं बाजूला ठेवावीत आणि अख्खा चॅट मागावा. तोही फॉरवर्ड केलेला नको. फोनमधून एक्स्पोर्ट करून काढलेला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचा हवा.

मी हवेत बोलत नाही. बेळगावातल्या एका घरचं प्रकरण सांगते. त्या बैठकीला मलाही बोलावलं होतं. नावं सांगणार नाही, दोघींना याच गावात राहायचंय.

दोन जावा. गावात पंचकल्याणक पूजा होती आणि धाकटीला इंद्राणी म्हणून बसायचं होतं. अंगावर सोनं हवं म्हणून थोरलीनं आपल्या माहेरच्या चार तोळ्यांच्या पाटल्या तिला घालायला दिल्या. पूजा झाली, पाटल्या परत आल्या नाहीत. दोन-तीन महिन्यांनी थोरलीनं घरात विषय काढला तेव्हा धाकटीचा नवरा म्हणाला, "वहिनींनी त्या दिल्यात. भेट म्हणून." आणि पुरावा म्हणून तीन स्क्रीनशॉट पुढे केले.

पहिल्यात थोरलीचा मेसेज होता: "तोवर राहू दे तुझ्याकडेच". पण चित्र असं कापलं होतं की "तोवर" हा शब्द काठाबाहेर गेला होता. दुसऱ्यात: "मला आता कसली हौस राहिलीय गं, तूच वापर". तिसऱ्यात धाकटीचं उत्तर: "खूप उपकार ताई". तिन्ही एकापाठोपाठ बघितली की गोष्ट तयारच होती. थोरलीनं मन मोठं करून दिलं, धाकटीनं आभार मानले आणि आता थोरलीचं मन फिरलं. बसलेल्यांपैकी दोघं तर म्हणालेही, "दिलेलं परत मागणं शोभत नाही."

स्क्रीनशॉटमध्ये काय नसतं हे एकदा नीट बघा. प्रत्येक मेसेजच्या कोपऱ्यात वेळ दिसते, तारीख दिसत नाही. तारखेची पट्टी दिवसाच्या पहिल्या मेसेजवर असते. चित्र त्याच्या खालून घेतलं की हे बोलणं कालचं की गेल्या वर्षीचं, कळायला मार्ग नाही. वरती नाव दिसतं ते फोनवाल्यानं सेव्ह केलेलं. उद्या मी माझ्या भाचीचा नंबर "मोठ्या जाऊबाई" म्हणून सेव्ह केला तर चित्रात तेच नाव उमटेल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आधी काय विचारलं आणि नंतर काय उत्तर आलं ते चित्राच्या बाहेर राहतं. म्हणजे चित्र खोटं नसतानाही गोष्ट खोटी होऊ शकते. या प्रकरणात तेच झालं होतं. तिन्ही मेसेज खरे होते.

थोरलीची मुलगी कॉलेजात शिकते. तिनं आईचा फोन घेतला, तो चॅट उघडला, वरच्या तीन टिंबांवर `More` आणि त्यात `Export chat` दाबलं. (आयफोनमध्ये वरच्या नावावर दाबून खाली गेलं की तेच सापडतं.) दोघींच्या दोन वर्षांच्या बोलण्याची एक साधी मजकुराची फाईल तयार झाली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख, वेळ, कुणी लिहिलं ते, मग मजकूर. त्या दिवसाच्या ओळी अशा होत्या:

```
08/02/2025, 20:52 - धाकटी: ताई पाटल्या आजच आणून देऊ का
08/02/2025, 20:55 - थोरली: आज दुसरा शनिवार, बँक बंद. लॉकर सोमवारी उघडेल
08/02/2025, 20:55 - थोरली: तोवर राहू दे तुझ्याकडेच
08/02/2025, 20:57 - धाकटी: खूप उपकार ताई
```

आता सांगा, ही भेट आहे का? "तोवर" हा एक शब्द आणि त्याच्या आधीची एक ओळ, एवढ्यावर चार तोळे सोनं अडकलं होतं. आणि "मला कसली हौस राहिलीय, तूच वापर"? ते वाक्य फाईलमध्ये आठ महिने आधी सापडलं. विषय होता एका रेशमी साडीचा. पाटल्यांचं तिथं नावही नव्हतं. आठ महिन्यांपूर्वीची साडी चित्रात पाटल्यांच्या शेजारी येऊन बसली होती.

फाईल पुढे वाचली. १७ फेब्रुवारीला थोरली विचारते, पाटल्या घेऊन येतेस का. उत्तर, "हो ताई, या आठवड्यात." मार्चात पुन्हा तोच प्रश्न, उत्तर, "आणते." भेट मिळालेल्या वस्तूबद्दल कुणी "आणते" म्हणतं का? मग एप्रिलात एका रात्री धाकटीच्या नावापुढे फक्त `This message was deleted` एवढीच ओळ. तिनं काहीतरी लिहून सर्वांसाठी पुसलं होतं. काय लिहिलं होतं ते फाईल सांगत नाही, पण पुसलं हे सांगते. स्क्रीनशॉट काढणारा ती ओळ आपल्या चित्रात कशाला घेईल?

आता दुसरी बाजूही सांगते, कारण अख्ख्या चॅटचं वजन तिथंच कळतं. त्याच फाईलमध्ये थोरलीनं धाकटीला लिहिलेलं होतं, "तुझ्या माहेरच्यांनी काय दिलं ते आम्ही बघितलंय." वाचताना थोरली खाली मान घालून बसली. तिनं स्क्रीनशॉट निवडले असते तर ही ओळ कधीच आली नसती. पण जी बाई स्वतःला टोचणारी ओळसुद्धा पुढे ठेवते तिच्या बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. निवडून आणलेल्या चित्रांना ही किंमत मिळू शकत नाही, कारण निवडणारा स्वतःविरुद्ध कधी निवडत नाही.

त्या दिवशी धाकटी रडली आणि खरं बोलली. नवऱ्याच्या धंद्यात खोट आली होती, पाटल्या गहाण पडल्या होत्या. "भेट" ही गोष्ट नवऱ्याची होती, स्क्रीनशॉटही त्यानंच काढले होते. मग बैठकीचा प्रश्नच बदलला. दिल्या की उसन्या, हे संपलं. सोडवून कधी आणायच्या आणि हप्ता कोण भरणार, यावर बोलणं सुरू झालं. भांडण मिटायला जागा झाली ती अशी.

काही जण म्हणतात, एक्स्पोर्टची फाईल तर साधा मजकूर, कुणीही उघडून बदलू शकतो. बरोबर आहे. म्हणूनच नुसत्या फाईलवर विसंबू नका. मूळ फोन जपा आणि शक्य असेल तर दोघींच्या फोनमधून सगळ्यांसमोर एक्स्पोर्ट काढा. दोन फाइली शेजारी ठेवल्या की फरक उघडा पडतो. आणखी एक खुबी ध्यानात ठेवा. `Delete for me` करून आपल्यापुरता मेसेज पुसला तर त्याची खूण राहत नाही, तो फाईलमधून गुपचूप गळतो. पण समोरचीच्या फोनवर तो असतोच. एका फाईलमधली चोरी दुसरी फाईल पकडते. स्क्रीनशॉटला असं पडताळून बघायला काही जोडीदारच नसतो.

कायदासुद्धा हेच म्हणतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३९ व्या कलमात होतं आणि आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ३३ व्या कलमातही आहे, की एखादं विधान मोठ्या संभाषणाचा किंवा पत्रव्यवहाराचा तुकडा असेल, तर ते विधान आणि ते कुठल्या परिस्थितीत केलं गेलं हे पुरतं समजायला जेवढा भाग लागेल तेवढा न्यायाधीशापुढे यावा. तुकडा दाखवून पळायची सोय तिथं नाही. कोर्टात चॅटच्या प्रतीला ६३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्रही लागतं. त्याचा एक भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. म्हणून प्रकरण कोर्टात जाईल असं वाटलं तर फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, वकिलाला आधी दाखवा.

"घरातलं सगळं चव्हाट्यावर आणायचं का?" हा प्रश्न बायकाच मला विचारतात. नाही आणायचं. अख्खा चॅट निवाडा करणाऱ्या एक-दोन माणसांच्या हाती द्यायचा, मोठ्यानं वाचायचा तो फक्त वादाच्या काळातला. आजारपण, पाळी, माहेरची रडगाणी, ते त्यांनी बघून मिटायचं. ग्रुपवर तर एक ओळही टाकायची नाही. खरं म्हणजे अब्रू चव्हाट्यावर जाते ती स्क्रीनशॉटनं. चित्र एका बोटानं पन्नास घरांत जातं. दोन वर्षांची फाईल कोण फॉरवर्ड करत बसतंय?

आणि हे मी बायकांनाच का सांगतेय? कारण आपल्यातल्या कितीतरी जणींचा फोन आपला नसतो. पासवर्ड नवऱ्याला ठाऊक, रिचार्ज मुलाच्या हातात. वाद सुरू झाला की कुणीतरी "बघू गं फोन" म्हणतं आणि चॅट कोरा होऊन परत येतो. मग समोरच्याची तीन चित्रं एवढंच जगात उरतं. म्हणून पैशाचं, दागिन्याचं, जागेचं बोलणं झालं असेल तर बिनसण्याची वाट न बघता एक्स्पोर्ट काढा आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. व्हॉइस मेसेज असतील तर `Include media` निवडा, नाहीतर फाईलमध्ये त्या जागी नुसतं `<Media omitted>` येतं आणि तुमचा आवाज जातो. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय कुणी चालू केली असेल तर ती आधी बंद करा.

आणि निवाडा करायला बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना एवढंच सांगणं. कुणी पुढे येऊन स्क्रीनशॉट दाखवला तर बघा, पण निकाल देऊ नका. विचारा, "याच्या आधीची ओळ कुठाय? नंतरची कुठाय? फोन आण आणि इथंच सगळं काढ." जो खरा असेल तो फोन पुढे करील. जो काचकूच करील त्याच्याकडे थोडं जास्त वेळ बघा.