नावातला एक 'एच' आणि परत गेलेले डॉलर

बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी काकतीत कुणाचं खातं अडलं की लोक अजून माझ्याकडे येतात. परवा गल्लीतली एक सून आली. खरं नाव लिहीत नाही, ज्योती म्हणूया. माहेर निपाणीचं, बी.कॉम. झालेली. घरी बसून परदेशातल्या एका दुकानाचे हिशेब लिहिते. काम एका आंतरराष्ट्रीय साइटवरून मिळालं. तीन महिन्यांचे ४१२ डॉलर साठले म्हणून तिने ते बँकेत मागवले, आणि पाचव्या दिवशी पैसे परत साइटवर. कारण काय, तर खातेदाराचं नाव जुळत नाही.

पोरीचा प्रश्न सरळ होता. "काका, आधीच्या नोकरीचा पगार याच खात्यात येत होता की हो. तेव्हा नाव कसं चाललं?"

हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. देशातल्या देशात एनईएफटीने पैसे येतात तेव्हा बँक खाते क्रमांक बघते. फक्त क्रमांकावरून रक्कम जमा करायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच दिली. पाठवणाऱ्याला समोरच्याचं नाव आधी दिसावं ही सोय तर २०२५ मध्ये आली. म्हणजे पगाराच्या वेळी नाव चुकीचं असलं तरी कुणी बघत नव्हतं. परदेशातून आलेल्या पैशाचं तसं नसतं. काम कुणी विकलं, पैसे कशाबद्दल आले, हे बँकेला नोंदवावं लागतं. ज्याने काम केलं त्याच्याच खात्यात पैसे गेले पाहिजेत, नाहीतर उद्या कुणीही कुणाच्या नावावर डॉलर फिरवील. म्हणून तिथे नाव वाचलं जातं. बँकेचा आडमुठेपणा म्हणून मी याला नावं ठेवणार नाही.

अडलं कुठे हेही ओळखता येतं. खातं जोडतानाच किंवा पैसे मागताच नकार आला, तर तो साइटचा. 'पैसे पाठवले' असं दिसून काही दिवसांनी रक्कम परत आली, तर ती बहुधा बँकेच्या टोकाहून फिरलेली असते. ज्योतीचं दुसऱ्या प्रकारातलं. रक्कम बुडत नाही, साइटवरच्या शिलकीत परत येते. पण नाव न सुधारता पुन्हा पुन्हा मागवत बसलात तर प्रत्येक वेळी पैसे काढण्याचा आकार जाऊ शकतो, आणि साइटवाल्यांना संशय येतो तो वेगळाच.

आता तिची कागदं बघा. साइटवर तिचं नाव पॅनप्रमाणे, कॉलेजात असताना काढलेलं: Jyoti Maruti Jadhav. लग्नानंतर आधार बदललं, त्यावर: Jyothi S Patil. इथलं खातं आधारवर उघडलं, म्हणून पासबुकावर तेच. बाई एकच, पण कागदावर दोन.

आडनाव लग्नाने बदललं हे कळतं. पण तो 'एच' कुठून आला? आपल्याकडे बरेच कागद कानडीतून इंग्रजीत उतरतात. कानडी मुलखात टी म्हणजे 'ट' आणि टीएच म्हणजे 'त' धरायची पद्धत. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. म्हणून आपल्या सविता, गीता, ज्योती तिथे Savitha, Geetha, Jyothi होतात. आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिण्याऐवजी एक अक्षर टाकायचं, ही दुसरी सवय. मधलं नाव आखूड असलं तर बहुधा निभावतं. पण आडनावच वेगळं आणि त्यात पहिल्या नावाचं स्पेलिंगही वेगळं, असं झालं की समोरच्याने हीच बाई हे मानायचं कशावर?

घरच्यांनी लगेच उपाय काढला होता, नवऱ्याचं खातं द्या. तो अजिबात करू नका. पहिलं म्हणजे तिथेही नाव जुळणार नाही. दुसरं, एखादवेळी पैसे आलेच तर उत्पन्न बायकोचं आणि जमा नवऱ्याच्या खात्यात. प्राप्तिकराच्या वेळी खुलासे देत बसा. तिसरं मी मुद्दाम सांगतो. पोरीने कमावलेला पैसा तिच्या खात्यात यावा. नाव जुळत नाही ही सबब पुढे करून तो दुसऱ्याच्या पासबुकात वळवू नये.

दुसरा उपाय, साइटवरचं नाव बदलून पासबुकासारखं करायचं. तेही वरवरचं. साइट नावासाठी ओळखपत्र मागणार, आणि पॅनवर तर जाधवच राहणार. एक ठिगळ लावलं की दुसरीकडे उसवणार.

म्हणून मी तिला उलट क्रम सांगितला. आधी ठरव, पुढची तीस वर्षं कुठल्या नावाने जगायचंय. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. जाधव ठेवलंस तरी चालतं. तिने पाटील ठरवलं, पण 'एच' नको म्हणाली. मग आधार. इथे जपून, कारण आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. तिची एक संधी लग्नानंतर गेली होती, उरली एक. ती 'एच' काढून आणि नवऱ्याचं नाव पूर्ण लिहून एकदाच वापरायची. अर्ज भरताना प्रत्येक अक्षर दोघांनी वाचायचं. त्यानंतर पॅन दुरुस्ती. नंबर तोच राहतो, फक्त नाव बदलतं, खर्च शंभर-सव्वाशे रुपये. पॅनच्या अर्जात नाव आणि आडनाव आद्याक्षरांत चालत नाही, हे ध्यानात ठेवा. मग बँकेत अर्ज, सोबत विवाह नोंदणीचा दाखला. लग्नपत्रिका किंवा मंगल कार्यालयाची पावती नव्हे, सरकारी नोंदणीचा दाखला. सगळ्यात शेवटी साइट. तोपर्यंत डॉलर साइटवरच राहू देत.

यात दोन-तीन महिने जाऊ शकतात. पण एकदा झालं की पुन्हा बघायला नको.

आता माझं मत. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात. काही घरांत आडनावच काय, पहिलं नावही बदलतात. हौस म्हणून ठीक आहे. पण ते नाव घरात हाक मारायला ठेवा, कागदावर नेऊ नका. पूर्वी सुनेचं नाव रेशनकार्डापुरतं होतं, चालून गेलं. आता पोरी घरात बसून परदेशातून कमावतात. तिथे ओळख म्हणजे फक्त ती अक्षरं.

बँकांनाही एक सांगणं. खातं उघडताना पॅन, आधार आणि अर्ज यांवरची नावं वेगळी दिसली, तर तिथेच ग्राहकाला सांगा. काउंटरवरचं दोन मिनिटांचं काम आहे. नंतर तेच निस्तरायला महिने जातात.

काकती हे राणी चन्नम्मांचं जन्मगाव. त्यांचंही नाव इंग्रजीत कुठे Chennamma, कुठे Channamma असं लिहिलेलं दिसतं. बेळगावचं Belgaum जाऊन १ नोव्हेंबर २०१४ पासून Belagavi झालं. राणीला आणि शहराला हे चालतं, त्यांना पैसे काढायचे नसतात. आपल्या लेकी-सुनांना काढायचे असतात. तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाचं आधार, पॅन आणि पासबुक एका ओळीत मांडा आणि इंग्रजी नाव अक्षरागणिक वाचा. कुठे 'एच' जास्त, कुठे आडनाव कमी निघालं, तर आत्ताच मार्गी लावा.